सरकारी रुग्णालयात रक्तपेढी शोधताना या चुका टाळा

मोठ्या सरकारी रुग्णालयात रक्तपेढी सापडत नाही म्हणून लोक पाट्यांना दोष देतात. पाट्या वाईट असतातच, पण निम्मा घोळ वॉर्डाच्या दारातच झालेला असतो. सिस्टरनी हातात कागद आणि नळ्या ठेवल्या की माणूस धावत सुटतो. कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कुठल्या खिडकीवर, हे विचारायला अर्धं मिनिटही लागत नाही. तेवढंही थांबवत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रक्त तपासणीच्या खिडकीला रक्तपेढी समजणं. नेहमी घडणारा प्रकार असा : रात्री सर्जरी वॉर्डातून नातेवाइकाला रक्ताचा मागणी अर्ज आणि दोन नळ्या मिळतात, एक लाल टोपणाची आणि एक जांभळ्या. तळमजल्यावर ‘रक्त तपासणी’ अशी ठळक पाटी दिसते, समोर रांग असते, इतरांच्या हातातही तशाच नळ्या असतात. तो रांगेत उभा राहून नळ्या ट्रेमध्ये ठेवतो आणि मोकळा होतो. जांभळ्या टोपणाची नळी सीबीसीलाही लागते, त्यामुळे घाईगर्दीत खिडकीवरच्या माणसाला वावगं काही वाटत नाही. तासाभराने नातेवाईक पिशवी आणायला खऱ्या रक्तपेढीत पोहोचतो, तेव्हा कळतं की नमुना तिथे आलेलाच नाही. मग प्रयोगशाळेच्या ट्रे धुंडाळा, नाहीतर रुग्णाला पुन्हा टोचा. क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळतं का हे तपासायला, साधारण पाऊण ते एक तास लागतो आणि ती वेळ नमुना योग्य खिडकीवर पोहोचल्यावरच सुरू होते.

आपण बरोबर जागी आलोय का, हे ओळखायची खूण आहे. रक्तपेढीतला माणूस नळीवरचं नाव, वॉर्ड आणि आयपीडी नंबर अर्जाशी ताडून पाहतो आणि मगच रजिस्टरमध्ये नोंद करतो. कुणी काहीही न वाचता ‘ठेवा तिथे’ म्हणालं तर नळ्या सोडू नका, आधी ‘ही रक्तपेढीच ना?’ असं विचारा. नावात किंवा नंबरात फरक असेल तर नमुना परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून निघण्याआधी वॉर्डातच दोन्हीकडचा मजकूर जुळवून घ्या. चूक दिसली तर स्वतः पेनाने खाडाखोड करू नका, ज्यांनी रक्त काढलं त्यांनाच दाखवा.

दुसरी चूक म्हणजे भलत्याच माणसाला विचारणं. इतर नातेवाईक तुमच्याइतकेच नवखे असतात, पण नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. गेटवरच्या सिक्युरिटीला गेट ठाऊक असतं, विभाग ठाऊक असतीलच असं नाही. विचारायचं तर वॉर्डबॉय मामांना, मावशींना किंवा इंटर्न डॉक्टरांना. नमुने घेऊन यांचीच ये-जा चालू असते. प्रश्नही पुरता विचारा. नुसतं ‘रक्तपेढी कुठे?’ म्हटलं की रक्तदानाच्या दालनाकडे बोट दाखवलं जाण्याची शक्यता असते. तिथे दात्यांच्या खुर्च्या असतात. तुम्हाला हवी असते नमुना घेणारी आणि पिशवी देणारी खिडकी, आणि तिचं दार अनेकदा वेगळं असतं. ‘नमुना द्यायचाय’ किंवा ‘पिशवी घ्यायचीय’ असं कामच सांगा.

पाटीवर ‘रक्तपेढी’ हाच शब्द असेल असं धरून चालू नका. 2020 मध्ये नियमांतलं नाव बदलून ‘रक्तकेंद्र’ झालं, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत हाच विभाग ‘रक्तसंक्रमण’ किंवा ‘आयएचबीटी’ या नावानेही असतो.

मोबाइलचा नकाशा मुख्य गेटपर्यंतच कामाचा.

रात्री ओपीडीची इमारत बंद म्हणजे रक्तपेढी बंद, असं समजून माघारी फिरू नका. मोठ्या रुग्णालयांत ती रात्रीही चालू असते, फक्त आत शिरायची वाट बदलते. बाजूचं दार पाहा, बेल असेल तर वाजवा. ही रात्रीची वाट सिस्टरना निघतानाच विचारून ठेवावी.

राहता राहिला परतीचा रस्ता, ज्याचा विचार जवळपास कुणीच करत नाही. पिशवी नेण्याचं काम खरं तर वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांचं, पण ते नातेवाइकांवर येऊन पडतं. लाल पेशींची पिशवी 2 ते 6 अंश तापमानात ठेवलेली असते. ती अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिली, तर सहसा साठ्यात परत घेत नाहीत. म्हणून वॉर्डात फोन करून रुग्णाची तयारी झाली आहे का ते विचारा, आणि मगच पिशवी ताब्यात घ्या. रक्तपेढी देईल त्या डब्यातूनच न्या. बर्फ थेट पिशवीला लागला तर पेशी फुटतात. प्लेटलेट्सना मात्र बर्फ अजिबात नको, त्या 20 ते 24 अंशांतच ठेवायच्या असतात. आणि पिशवी हातात असताना जवळची वाट म्हणून अनोळखी जिन्यात शिरू नका. मधल्या मजल्याचं दार कुलूपबंद निघालं, तर पुन्हा खाली उतरून सगळी इमारत वळसा घालून यावं लागतं.