सागवानी झोपाळ्याची पिन लावण्यापूर्वीची तयारी

पिंटरेस्ट या चित्रे जमवण्याच्या सेवेवर लावलेली पिन, म्हणजे आपल्या पानाचा दुवा असलेले चित्र, दोन-चार दिवसांत मागे पडत नाही. कुणीतरी तसा शोध घेतला की ती काही महिन्यांनी, कधी वर्षभरानंतरही पुन्हा वर येते. हाताने घडवलेला झोपाळा मात्र एकच असतो आणि तो पंधरा दिवसांत विकला जाऊ शकतो. फर्निचर घडवणाऱ्याला सगळी तयारी हा फरक लक्षात ठेवून करावी लागते.

म्हणून सुरुवात पिनपासून न करता आपल्या संकेतस्थळापासून करावी. झोपाळ्याचे स्वतंत्र पान आधी तयार असावे. त्यावर पाटाची लांबी, रुंदी व जाडी, लाकूड आणि पॉलिशचा प्रकार, किंमत, घडवायला लागणारे आठवडे आणि छताला कडी कशी बसवायची याची माहिती असावी. झोपाळा विकला गेला की आम्ही पूर्वी त्याचे पान काढून टाकत असू. त्याच्या पिना मात्र लोक जतन करतच राहिले आणि त्यांवरून येणारा प्रत्येक जण ‘पान सापडले नाही’ एवढे वाचून परत गेला. आता पान आणि त्याचा पत्ता तसाच राहतो. वर एवढेच लिहितो की हा नग विकला गेला आहे, याच मापाचा किंवा तुमच्या मापाचा घडवून मिळेल.

यानंतर व्यवसायाचे खाते उघडावे (ते विनामूल्य आहे) आणि संकेतस्थळ आपले असल्याची नोंद करावी. त्यासाठी पिंटरेस्ट एक ओळ देते, ती संकेतस्थळाच्या मुख्यपृष्ठाच्या `<head>` भागात घालायची असते:

```html
<meta name="p:domain_verify" content="मिळालेला कोड"/>
```

ही नोंद झाली की तुमच्या संकेतस्थळावरून इतरांनी जतन केलेल्या पिनांचे आकडेही तुम्हाला दिसू लागतात.

पिना ज्या गटांत लावल्या जातात त्या बोर्डांच्या नावांना वेळ द्यावा. ‘आमची कामे’ हे नाव आपल्याला जिव्हाळ्याचे वाटले तरी ते शोधात कुणी लिहीत नाही. पिंटरेस्टच्या शोधाच्या चौकटीत wooden swing असे लिहावे, खाली सुचवले जाणारे शब्दप्रयोग वहीत उतरवावेत आणि त्यांतून आपल्या मालाला खरोखर लागू पडणारे तेवढेच निवडावेत. आपले गिऱ्हाईक घरात झोपाळा म्हणत असले तरी शोधताना बहुधा इंग्रजीत लिहिते, हे मान्य करून बोर्डाचे नाव Wooden Swing for Living Room असे ठेवावे. अभ्यासाच्या मेजांचा बोर्ड वेगळा करावा. बोर्ड आधी गुप्त ठेवून त्यात आठ-दहा पिना जमल्यावर तो खुला करावा, म्हणजे पहिल्या पाहुण्याला रिकामी खोली दिसत नाही.

छायाचित्रे उभी, 1000 बाय 1500 पिक्सेलची असावीत. एका झोपाळ्याची निदान चार हवीत: दिवाणखान्यात टांगलेला पूर्ण झोपाळा, त्यावर बसलेले माणूस, पितळी साखळी पाटाला जिथे मिळते ती जागा अगदी जवळून, आणि मापे लिहिलेले एक. चारांच्या चार वेगळ्या पिना होतात, त्या काही आठवड्यांच्या अंतराने लावाव्यात आणि प्रत्येकीचा दुवा त्या झोपाळ्याच्याच पानावर न्यावा, मुख्यपृष्ठावर नव्हे.

पिनच्या शीर्षकाला 100 अक्षरांची मुभा असली तरी यादीत सुरुवातीची सुमारे 40च दिसतात, म्हणून Teak Wood Swing for Living Room हे आधी यावे आणि मापे व पितळी साखळ्या नंतर. वर्णनात ‘सुंदर, हस्तनिर्मित, अप्रतिम’ असे लिहून काहीच हाती लागत नाही, कारण हे शब्द कोणत्याही लाकडी वस्तूला चिकटतात. आमच्या वर्णनाचा आशय असा असतो: साडेचार बाय दोन फुटांचा सागवानी पाट, जाडी दीड इंच, दोन माणसे ऐसपैस बसतात; पितळी साखळ्या दहा फुटी छतासाठी आहेत, तुमच्या छताची उंची कळवल्यास त्या मापाने करून देतो; कडी बसवण्याची पद्धत आणि किंमत पानावर आहे. यात शोधाचे शब्द सहज येतात आणि शेवटचे वाक्य वाचणाऱ्याला पानावर येण्याचे कारण देते.

दिवाळीसाठीच्या पिना श्रावणाच्या सुमारास लागलेल्या असाव्यात, कारण घर सजवण्याचा विचार करणारे लोक खरेदीच्या बरेच आधी चित्रे जमवू लागतात.

आकडे पाहताना नुसत्या जतन करण्याच्या संख्येवर समाधान मानू नये; बाहेर जाणाऱ्या क्लिकांचा आकडा पाहावा. पिन कुणाला दिसतच नसेल तर शब्द चुकले आहेत. जतन पुष्कळ पण क्लिक मोजकेच असतील, तर लोकांना चित्र आवडले आहे, पण पानावर आणखी काय मिळेल हे वर्णनाने सांगितलेले नाही. तेव्हा आधी ते शेवटचे वाक्य बदलून पाहावे. निकाल लावण्यापूर्वी दोन-तीन महिने द्यावेत. आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, हात कितीही कामात असले तरी, जुन्या पिनांचे दुवे एकेक करून उघडून पाहावेत.