कल्चर नॉर्मल, तरी पांढरं जातंय: मग कोणती तपासणी मागायची?

कानबाईचे रोट उरकून महिना झाला होता, तेव्हा अमळनेर तालुक्यातली एक सत्तावीस वर्षांची बाई जावेला सोबत घेऊन आमच्या लॅबमध्ये आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "ताई, पांढरं जास, वास येस, खाज सुटस," एवढंच हळू आवाजात म्हणाली आणि पिशवीतून कागद काढून दिले. मेडिकलमधून आणलेली बुरशीची गोळी घेऊन झाली होती, अंगात ठेवायच्या गोळ्याही संपल्या होत्या. एक स्वॅब कल्चरचा रिपोर्ट होता: नेहमीचे जंतू, विशेष वाढ नाही. तो पाहून तिला सांगितलं गेलं की अशक्तपणामुळे जात असेल.

रिपोर्टमध्ये चूक नव्हती. पण जे शोधायला हवं होतं, ते त्या तपासणीत दिसतच नाही. साध्या कल्चरमध्ये प्लेटवर वाढणारे जीवाणू आणि बुरशी सापडते. क्लॅमिडिया हा जीवाणू जिवंत पेशीच्या आत राहतो, प्लेटवर वाढतच नाही. ट्रायकोमोनास तर एकपेशीय परजीवी आहे, त्यालाही वेगळं माध्यम लागतं. म्हणून "कल्चर नॉर्मल" याचा अर्थ "लैंगिक संसर्ग नाही" असा कधीच घेऊ नका.

जाण्याआधी

तपासणीच्या आधी एक दिवस संबंध ठेवू नका, अंगात गोळी किंवा मलम घालू नका आणि आतून धुऊ नका. पाळीचं रक्त जास्त असेल तर ते ओसरू द्या. गेल्या महिनाभरात घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, कारण अर्धवट औषधाने जंतू लपतो. पण ओटीपोटात दुखतंय, ताप आहे किंवा दिवस गेलेत, तर यातल्या कशासाठीही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. क्लॅमिडिया वर गर्भनलिकांपर्यंत चढला की पुढे मूल राहायला अडचण येते.

डॉक्टरांना नुसतं "पांढरं जातं" सांगून भागत नाही. रंग, वास, खाज, लघवीची जळजळ, संबंधानंतर रक्त दिसतं का, हे सांगा. ट्रायकोमोनासमध्ये बहुधा पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ आणि वासाचं पाणी जातं. क्लॅमिडियात बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. जाणवलंच तर पिवळट चिकट स्राव, नाहीतर संबंधानंतर रक्त. मात्र नुसत्या रंगावरून निदान करू नये. वास मारणारा स्राव योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्यानेही येतो आणि तो प्रकार बराच जास्त आढळतो.

पहिली मागणी: ताजी स्लाइड

डॉक्टरांना विचारा, "पीएच पट्टी आणि वेट माउंट इथेच करता येईल का?" योनीचा पीएच साधारण 4.5 च्या खाली असतो. ट्रायकोमोनासमध्ये तो वर जातो, बुरशीत सहसा जात नाही. वेट माउंट म्हणजे स्राव सलाइनच्या थेंबात घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. जिवंत ट्रायकोमोनास झटके देत पोहताना दिसतो आणि त्या हालचालीवरूनच तो ओळखता येतो.

इथेच आपल्याकडे घोळ होतो. गावात स्वॅब घेतात, तो पिशवीत टाकून एसटीने तालुक्याला येतो, मे महिन्याच्या उन्हात पोचेपर्यंत कोरडा पडलेला असतो. दहा-पंधरा मिनिटांतच परजीवीची हालचाल मंदावायला लागते, फ्रिजमध्ये ठेवला तरी तेच. मग तो पांढऱ्या पेशीसारखा दिसतो आणि सुटून जातो. त्यामुळे स्लाइड करायची तर जिथे सूक्ष्मदर्शक आहे तिथेच स्वॅब द्या. आणि सगळं नीट केलं तरी ही तपासणी दहापैकी चार-पाच बायकांमधला आजार चुकवते. ट्रायकोमोनास दिसला तर तो आहेच. दिसला नाही म्हणून नाहीच, असं होत नाही.

दुसरी मागणी: पीसीआर

चिठ्ठीवर असं लिहून घ्या: "योनीचा स्वॅब, पीसीआर: क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास". तिन्ही नावं लिहिलेली हवीत, कारण काही ठिकाणी दोनच होतात. यात जंतूचा जनुकीय अंश शोधतात, त्यामुळे तो जिवंत असण्याची गरज नसते आणि नमुना दूरच्या लॅबला पाठवला तरी चालतो. फक्त स्वॅब त्यांच्याच नळीतल्या द्रवात बुडवलेला असावा. लाज वाटत असेल तर हा स्वॅब बाईला स्वतःही घेता येतो. तो डॉक्टरांनी घेतल्याइतकाच चालतो. पुरुषासाठी लघवी: किमान एक तास लघवी न करता, सुरुवातीची धार, साधारण 20-30 मिली. साध्या लघवी तपासणीसारखी मधली धार दिली तर नमुना वाया गेला.

रक्तातली क्लॅमिडिया अँटिबॉडी या कामाला मागू नका. ती कधीतरी होऊन गेलेला संसर्गही दाखवते, आत्ताचा आहे का ते सांगत नाही. पॅप स्मिअर कॅन्सरच्या आधीचे बदल शोधते, तीही याची जागा घेत नाही. रक्ताच्या मात्र एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या याच वेळी करून घ्या, कारण हे संसर्ग एकाच वाटेने येतात.

पीसीआर महाग पडते हे खरं. परवडत नसेल तर धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचा व गुप्तरोग किंवा स्त्रीरोग विभागात जा आणि सुरक्षा क्लिनिक कुठे बसतं ते विचारा. या क्लिनिकमध्ये लक्षणं आणि तपासणी पाहून रंगाच्या पाकिटातली औषधं मोफत देतात: योनीच्या स्रावाला हिरवं, गर्भाशयाच्या तोंडाकडून येणाऱ्या स्रावाला राखाडी. कुठे जायचं कळत नसेल तर 1097 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे.

रिपोर्ट आल्यावर

तिच्या पट्टीवर 5.5 आलं, स्लाइडवर ट्रायकोमोनास पोहताना दिसला आणि चार दिवसांनी पीसीआरमध्ये क्लॅमिडियाही निघाला. दिवस गेलेले नाहीत हे पाहून डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन सात-सात दिवस दिलं. गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, म्हणून स्वतःच्या मनाने यातलं काहीही घेऊ नका. तिला बरं वाटलं. पण नवरा सुरतेला कामाला, त्याला काहीच त्रास नाही, म्हणून त्याने गोळ्या घेतल्या नाहीत. दिवाळीला तो घरी आला आणि पंधरा दिवसांत तिचं पुन्हा सुरू झालं.

पुरुषाला बहुधा लक्षणंच नसतात, म्हणून जोडीदाराचा उपचार त्याच्या रिपोर्टवर अडवून ठेवत नाहीत. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं आणि ते संपेपर्यंत, एकाच डोसचं असेल तर पुढचे सात दिवस, संबंध टाळायचे. घरात "हे कोणी आणलं" यावरून भांडण पेटतं, तेव्हा एवढं ठाऊक असू द्या: दोन्ही संसर्ग कित्येक महिने लक्षणांशिवाय राहू शकतात. ते कधी लागले आणि कोणाकडून, हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही.

औषध संपल्यावर लगेच पीसीआर केली तर मेलेल्या जंतूचे अंशही पॉझिटिव्ह दाखवतात, म्हणून चार आठवड्यांच्या आत ती करू नये. दोघांचीही पुन्हा तपासणी साधारण तीन महिन्यांनी. दिवाळीनंतर दोघांनी एकत्र औषध घेतलं होतं. फेब्रुवारीत तिने स्वतः स्वॅब घेतला, त्याने लघवी दिली आणि दोन्ही नमुने निगेटिव्ह आले.