अपघात लपवून विकलेली जुनी गाडी: पैसे परत किंवा किंमतकपात कशी मागावी

जुनी मोटार घेतल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, पहिल्या सर्व्हिसिंगला, अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस संगणकावरचा जुना इतिहास उघडतो आणि सहज विचारतो, "ही गाडी समोरून लागली होती, ठाऊक आहे ना?" असे झाल्यास बहुतेक जण प्रथम डीलरला फोन करून भांडतात. त्याऐवजी आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे: विक्रेता अपघाताबद्दल गप्प राहिला होता, की गाडीला अपघात झालेला नाही असे त्याने स्पष्ट सांगितले होते? पुढचे जवळजवळ सगळे या उत्तरावर ठरते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ नुसार फसवणुकीने मिळवलेल्या संमतीचा करार फसवला गेलेला पक्ष रद्द करू शकतो. मात्र त्याच कलमाला एक अपवाद आहे. संमती केवळ कपटी मौनामुळे किंवा नकळत केलेल्या चुकीच्या निवेदनामुळे मिळालेली असेल आणि खरेदीदाराला साधारण दक्षतेने सत्य कळू शकले असते, तर करार रद्द करता येत नाही. "तुम्ही मेकॅनिक आणून गाडी दाखवली, मग तक्रार कसली?" हा डीलरचा ठरलेला बचाव याच अपवादावर उभा असतो. जाणूनबुजून सांगितलेल्या उघड खोट्याला मात्र हा अपवाद लागू होत नाही.

उदाहरण म्हणून समजा, पुण्यातील एका गृहस्थांनी डीलरकडून पाच वर्षे वापरलेली हॅचबॅक ५ लाख ६० हजार रुपयांना घेतली. त्यांच्याकडे व्हॉट्सॲपवरचा एक संदेश आहे: "सर, गाडी एकदम नॉन-ॲक्सिडेंट, फक्त बंपरला टच-अप." डिलिव्हरी नोटवर मात्र बारीक अक्षरांत "गाडी जशी आहे तशी विकली" असे छापलेले आहे. हे छापील वाक्य पाहून गृहस्थ खचतात, पण तसे कारण नाही. असे कलम दिसणाऱ्या झिजेपुरते किंवा विक्रेत्यालाही ठाऊक नसलेल्या दोषापुरते वजनदार ठरते. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीवर ते पांघरूण घालू शकत नाही. म्हणून पहिली पायरी म्हणजे तो संदेश, गाडीची मूळ जाहिरात आणि पैसे दिल्याच्या नोंदी जपणे. चॅट खोडू नये आणि फोनही विकू नये, कारण स्क्रीनशॉट पुरावा म्हणून दाखल करताना, तो ज्या फोनमधून घेतला त्याचा तपशील देणारे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र द्यावे लागते.

दुसरी पायरी अपघात सिद्ध करण्याची. नोंदणीकृत मालक या नात्याने आरसीची प्रत जोडून सर्व्हिस सेंटरकडे ईमेलने सर्व्हिस इतिहास आणि बॉडीशॉपचे जॉब कार्ड मागावे. आधीच्या मालकाची कागदपत्रे देता येत नाहीत असे उत्तर येऊ शकते. तेही जपून ठेवावे, कारण त्याच्या आधारे पुढे ग्राहक आयोगाला ती कागदपत्रे हजर करायला लावण्याची विनंती करता येते. आधीच्या मालकाची विमा पॉलिसी हाती असेल, तर तिच्यावरचा नो क्लेम बोनस पाहावा. पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल, तर आदल्या वर्षी क्लेम घेतला असण्याची शक्यता असते. पॉलिसी मध्ये खंडित झाली असली तरीही तो शून्यावर येतो, त्यामुळे ही खूण आहे, पुरावा नव्हे.

गाडीच्या अंगावरच्या खुणांबाबतही हीच सावधगिरी हवी. कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते आणि पुट्टी भरलेल्या जागी ती पाचशेच्याही वर जाते. तरीही नुसत्या रंगाने फार काही सिद्ध होत नाही, कारण पार्किंगमधल्या ओरखड्यासाठीही दरवाजा रंगवला जातो. बॉनेट उघडून एप्रन पाहावा, म्हणजे पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचा पत्रा. मूळ गाडीत त्यावरचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर असतात आणि सांध्यातले सीलंट दोन्ही बाजूंना सारखे असते. आपल्या उदाहरणातील गाडीत डावीकडचे ठसे घासून नाहीसे झाले होते, सीलंट बोटाने फासल्यासारखे दिसत होते आणि मडगार्डच्या बोल्टच्या डोक्यांवरचा रंग पान्याने उडाला होता.

हे सगळे परवानाधारक विमा सर्वेक्षकाकडून लेखी घ्यावे. अहवालात दोन गोष्टी नक्की हव्यात: गाडीच्या सांगाड्याची दुरुस्ती झाली आहे का, आणि खरेदीच्या दिवशी अपघात नसलेल्या व अपघात झालेल्या अशा गाडीची बाजारातील किंमत किती होती. दुसरा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि मग किंमतकपातीचा आकडा हवेत राहतो. इथे सर्वेक्षकाने त्या दिवशी अपघात नसलेल्या गाडीची किंमत ५ लाख ६० हजार आणि अपघातग्रस्त गाडीची ४ लाख ३५ हजार धरली, म्हणजे फरक १ लाख २५ हजारांचा.

आता गाडी परत द्यायची की ठेवायची, हे ठरवावे लागते. करार रद्द करणाऱ्याला घेतलेली वस्तू परत करावी लागते आणि सत्य कळल्यावरही गाडी महिनोन्‌महिने वापरत राहिले, तर खरेदीदाराने सौदा मान्य केला असा युक्तिवाद हमखास होतो. म्हणून ज्या दिवशी कळले त्या दिवशीचा ओडोमीटरचा फोटो काढावा आणि वापर शक्य तितका थांबवावा. रोजची गरज असल्यामुळे गाडी सोडणे परवडत नसेल, तर किंमतकपात हाच प्रामाणिक आणि टिकणारा मार्ग आहे असे माझे मत आहे. गाडीवर कर्ज असेल, तर हप्ते मात्र थांबवू नयेत. बँकेचा या भांडणाशी संबंध नसतो.

त्यानंतर डीलरला स्पीड पोस्टने आणि ईमेलने नोटीस पाठवून १५ दिवसांची मुदत द्यावी. तिच्यात रागापेक्षा तारखा असाव्यात: त्याचे नेमके शब्द, ते खोटे असल्याचे कधी व कशावरून कळले, आणि मागणी. मुख्य मागणी गाडी परत घेऊन ५ लाख ६० हजार व्याजासह देण्याची, आणि ती मान्य न झाल्यास पर्यायी मागणी १ लाख २५ हजारांची, अशा दोन्ही मागण्या नोटिशीतच लिहाव्यात. नाव हस्तांतरणाचा व तपासणीचा खर्च पावत्यांसह वेगळा दाखवावा.

उत्तर न आल्यास पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते, त्यामुळे डीलर मुंबईचा असला तरी अडत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते आणि वकील सक्तीचा नाही. मात्र गाडी व्यापारी कामासाठी घेतली असेल, किंवा विकणारा डीलर नसून स्वतःची एखादी गाडी विकणारा शेजारी असेल, तर सामान्यतः हा दरवाजा बंद असतो आणि दिवाणी न्यायालयात जावे लागते.

नोटीस मिळाल्यावर डीलर अनेकदा म्हणतो, "गाडी आणून लावा, पैसे आठवड्यात देतो." आरसीवर तुमचे नाव असेपर्यंत त्या गाडीच्या अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. म्हणून तारीख, वेळ आणि ओडोमीटरचा आकडा लिहिलेली सही-शिक्क्याची पोचपावती घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये आणि मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ व ३० वर कोऱ्या सह्या करू नयेत. पैसे खात्यात जमा झाल्यावर, नाव-तपशील भरलेल्या फॉर्मवरच सही करावी.