खोली बदलली आणि मेश नोड ऑफलाइन गेला?

हॉलजवळ चालणारा नोड उचलून आतल्या बेडरूममध्ये लावला की लाल दिवा लागतो आणि ॲपमध्ये 'ऑफलाइन' दिसतं. मग कोणीतरी सांगतं, रीसेट मारा. कृपा करून मारू नका. रीसेटने मुख्य राउटरशी झालेली जोडणी पुसली जाते, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी प्लग लावून पाच मिनिटं थांबा. तरीही लालच असेल, तर नोड मुख्य राउटरच्या खोलीत नेऊन चालू करा. तिथे जोडला गेला तर नोड ठणठणीत आहे, जागा चुकली आहे. तिथेही नाही आला, तर त्याचाच अडॅप्टर लावलाय ना ते बघा. आधी नोड केबलने जोडलेला असेल, तर ॲपमधून पुन्हा जोडावा लागू शकतो. रीसेट त्यानंतर.

आता जागा. इथे मी स्वतः दोन रविवार घालवले आहेत. आमच्याकडे राउटर दारापाशी, आणि नेट पोचत नाही ती शेवटची बेडरूम. म्हणून नोड थेट तिथेच ठेवला, तोही लोखंडी कपाटाच्या मागे, दिसायला नको म्हणून! नोड स्वतः नेट तयार करत नाही, राउटरकडून घेऊन पुढे देतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जागा डोळ्यांनी ठरवू नका, फोनने मोजा. नोड बंद करा, म्हणजे फोन राउटरलाच जोडलेला राहील. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप घ्या आणि राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ बँडच्या सिग्नलचा आकडा बघा, कारण बहुतेक नोड एकमेकांशी याच बँडवर बोलतात आणि भिंतींपुढे तोच आधी हात टेकतो. २.४ चा आकडा बघितलात तर फसाल, तो उगाच चांगला दिसतो. आकडे उणे असतात: -६० म्हणजे छान, -६७ पर्यंत चालतं, -७५ च्या पलीकडे नोड धरसोड करतो. प्रत्येक जागी अर्धा मिनिट उभे राहा, आकडा स्थिरावू द्या.

आमच्या बेडरूममध्ये आकडा होता -७९. मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती आणि ते कपाट. पॅसेजच्या तोंडाशी -६३. नोड तिथल्या स्टुलावर, कमरेच्या उंचीवर ठेवला, आणि दोन मिनिटांत दिवा हिरवा. बेडरूमच्या दाराला पॅसेजमधून सरळ रेषा मिळते, त्यामुळे आत पलंगावरही व्हिडिओ अडकत नाही.

फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्या आड नोड ठेवू नका. धातू लहरी परतवतो, पाणी शोषून घेतं. जमिनीवरही नको.

मधली जागाच नसेल, म्हणजे कुठेही -७० च्या आत येत नसेल, तर जागा शोधत बसू नका. नोडला केबल ओढून घ्या.