टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवलेला पीएस५ खेळता खेळता बंद पडत असेल तर आधी हे करा

वीस-पंचवीस मिनिटं गेम चालतो आणि मग कन्सोल गरम झाल्याचा मेसेज येऊन बंद, थोडं थांबून लावला की परत चालू, असं होत असेल तर लगेच रिपेअरवाल्याकडे पळू नका. पीएस५ पुढून गार हवा आत ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो, आता कप्प्याला मागे प्लायवूड आणि पुढे काचेचं दार असेल तर तीच गरम हवा फिरून परत आत जाते, मग फॅन कितीही जोरात फिरला तरी काय उपयोग?

कन्सोल बाहेर काढून उघड्या टेबलावर ठेवा, भिंतीपासून निदान १० सेमी लांब, आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळा. चालला तर दोष कप्प्याचा. नुसतं दार उघडं ठेवून भागेलच असं नाही, मागची फळी कापावी लागते.

तरीही बंद पडला तर धूळ. प्लग काढा, गार होऊ द्या, बाजूची कव्हरं सरकवून काढली की धूळ साठायची भोकं दिसतात, तिथे व्हॅक्यूम क्लीनर कमी स्पीडवर लावा. ब्लोअर मारणार असाल तर फॅन काडीने अडवून धरा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. (ओलं फडकं तर अजिबात नको.)

आणि थंड असतानाच, मेन्यूवरच, मेसेज न येता बंद होत असेल तर मात्र धुळीचा संबंध बहुतेक नाही, पॉवर सप्लाय किंवा घरातलं एक्स्टेन्शन तपासा.