खड्ड्यात गाडी आपटली? भरपाईचं पत्र द्यायच्या आधी एवढं जमवून ठेवा

सगळ्यात आधी फोटो, बाकी सगळं नंतर. का सांगतो, गेल्या पावसाळ्यात आमच्या मामेभावाची बाईक संध्याकाळी पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात आपटली, पुढचं अलॉय व्हील वाकलं, टायर कापला, हा गडी रात्री घरी येऊन झोपला आणि तिसऱ्या दिवशी फोटो काढायला गेला तर तिथं मुरूम टाकून खड्डा सपाट! आता खड्डा होता हे सांगणार कसं? नशीब की मागून येणाऱ्या दूधवाल्यानं मोबाईलवर दोन फोटो काढले होते. तर लोकेशन आणि वेळ छापून येणारा कॅमेरा वापरा, एक फोटो लांबून, ज्यात किलोमीटरचा दगड, बसस्टॉप नायतर एखादं दुकान दिसतंय, एक जवळून, आणि खड्ड्यात काठी किंवा टेप उभी करून एक. आमचा खड्डा अडीच फूट लांब आणि पाच इंच खोल भरला. पाणी असलं तर तसाच एक फोटो घ्या, खड्डा दिसत नव्हता हा तुमचाच मुद्दा आहे. ज्यानं बघितलं त्याचं नाव-नंबर तिथंच लिहून घ्या, आणि पोलीस ठाण्यात साधा अर्ज देऊन पोच घ्या.

दुसरं काम, रस्ता कुणाचा. आपल्या बेळगावकडं हीच खरी भानगड. पुणे-बंगळूर हायवे 48 आणि त्याचा सर्व्हिस रोड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, तिथं 1033 ला फोन करून तक्रार नंबरपण घेऊन ठेवा. राज्य रस्ता असला तर कर्नाटकाचं सार्वजनिक बांधकाम खातं, शहरात बहुतेक महापालिका नायतर कॅन्टोन्मेंट, गावाकडचा रस्ता असला तर पंचायत राजवाले. त्यात बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाची ओलांडून शिनोळीत गेलात की महाराष्ट्र सुरू, मग पत्र चंदगडच्या बाजूला. हद्दीजवळ पडला असाल तर खड्डा कुठल्या बाजूला होता ते लोकेशनवरून पक्कं करा, नाहीतर दोन महिने 'हे आमच्याकडं येत नाही' एवढंच ऐकाल. रस्त्याकडेला कामाचा बोर्ड असला तर त्याचापण फोटो, कारण त्यावर ठेकेदाराचं नाव आणि काम कधी संपलं ते असतं, देखभालीची मुदत चालू असली तर दुरुस्ती त्याच्याच डोक्यावर.

आता पैशाचं. गॅरेजवाल्याकडून आधी अंदाजपत्रक, मग पक्कं बिल, आणि जुने पार्ट टाकू नका. भावाचं असं होतं: व्हील 4200, टायर 2000, कोन सेट 350, मजुरी 650, एकूण 7200 रुपये. त्याचा विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळं विम्यातून शून्य, सगळे 7200 मागितले. तुमचा स्वतःच्या गाडीचाही विमा असला तर आधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गाडी खोलू नका, टायर-ट्यूबचे साधारण निम्मेच मिळतात, मग उरलेलेच पत्रात मागा, दोन ठिकाणी तेच पैसे मागायचे नाहीत.

पत्र एका पानाचं पुरे. तारीख, वेळ, जागा, काय झालं हे पाच-सहा ओळीत, मग दोन मागण्या वेगवेगळ्या नंबर देऊन: एक, अमुक दिवसात खड्डा डांबरानं बुजवा, नुसता मुरूम नको, दोन, 7200 रुपये भरपाई द्या. आणि शेवटी 'दोन्ही मुद्द्यांचं वेगवेगळं लेखी उत्तर द्यावे' हे वाक्य विसरू नका, कारण खड्डा बुजला की अर्ज निकाली काढायची सवय आहे, पैशाचा मुद्दा तिथंच गुल. भाषा? घटनेच्या कलम 350 नं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, म्हणजे मराठीत द्या बिनधास्त, पण माझं मत विचाराल तर सोबत कन्नड प्रत जोडा, वाद घालण्यात अर्ज अडकून पडायला नको. सोबत फोटो, पोलिसांची पोच, बिलं, आरसी, लायसन्स, विम्याची झेरॉक्स. मूळ कागद कुणालाच देऊ नका.

आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख, नंबर मारून घ्या, टेबलावरचा माणूस 'ठेवून जावा' म्हणाला तरी हलायचं नाही, अगदीच ऐकत नसला तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. महिनाभर काही हाललं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज: या खड्ड्याच्या आधी तक्रारी आल्या होत्या का, शेवटची दुरुस्ती कधी, ठेकेदार कोण. आधीची तक्रार सापडली तर तुमची बाजू खूप वजनदार होते.

एक मात्र आधीच सांगतो, नुसत्या पत्रावर चेक सहसा निघत नाही. सरकारवर दावा टाकायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं, आणि 7200 साठी वकील लावणं परवडतंय का ते तुम्हीच बघा. भावाचा खड्डा पंधरा दिवसात डांबरानं बुजला, पैशाच्या मुद्द्याला 'वर पाठवलंय' असं एका ओळीचं उत्तर आलंय, त्यावर माहिती अधिकार टाकलाय.