जॉइंट खात्यातून वारलेल्या माणसाचं नाव कमी करायचं आणि मुलाचं जोडायचं: कोणते कागद लागतात, कुठं अडतं

दिवाळीनंतर सेलूचे आमचे काका गेले. त्यांचं आणि काकूचं बँकेत जॉइंट खातं होतं, पहिलं नाव काकांचं, दुसरं काकूचं. कापसाची पट्टी त्याच खात्यात यायची, पीकविमा त्याच्यातच आणि वर तीन लाखांची एफडी. बचत खात्यात दोन लाख चौदा हजार होते. दहाव्यानंतर काकू म्हणली, "बाबा, माझ्याच खात्यातले पैसे मला काढता येतेत का नाही, ते एकदा जाऊन विचार." मी गेलो तर काउंटरवरच्या माणसानं सगळ्या वारसांचं नाहरकत आणि कोर्टाचं वारस प्रमाणपत्र सांगितलं आणि मी तसाच मान हलवून परत आलो. नंतर कळलं की त्याच्यातला एकही कागद लागत नव्हता. म्हणून हे सगळं लिहायलोय, कारण अशी चक्कर गावोगाव लोक मारतात.

आधी पासबुकाचं पहिलं पान बघा

सगळं त्या एका ओळीवर आहे. खातं जॉइंट असलं की ते कसं चालवायचं हे उघडतानाच ठरलेलं असतं, पासबुकावर किंवा एफडीच्या पावतीवर छापलेलं असतं. "आयदर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करेल आणि एक गेला तर मागं राहिलेल्याला पैसे मिळतील. "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे पहिलं नाव असलेला जिवंत असेपर्यंत फक्त तोच, त्याच्या माघारी दुसरा. आणि नुसतं "जॉइंटली" असेल तर दोघांच्या सह्या लागतात, आणि एक गेला की त्याच्या जागी त्याचे वारस येऊन बसतात. पासबुकावर फक्त ई/एस वगैरे छापलेलं असलं तरी अर्थ तोच. सापडलंच नाही तर ब्रांचमध्ये "मोड ऑफ ऑपरेशन काय आहे" म्हणून विचारा, खाते उघडायच्या फॉर्मवर ते असतंच. आपल्याकडं कपाटात अजून हैदराबाद बँकेची पासबुकं सापडतेत. ती बँक 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत गेली, तेव्हा जुनं पासबुक घेऊन न जाता नवीन छापून घ्या, जुन्यावरचा आयएफएससी आता चालत नाही.

काकूच्या पासबुकावर आयदर ऑर सर्व्हायव्हर होतं. म्हणजे सर्व्हायव्हर कलम आहे. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेनं सक्सेशन सर्टिफिकेट म्हणजे कोर्टाचं वारस प्रमाणपत्र, प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, हमीपत्र, जामीनदार असलं काहीही मागायचं नाही, रक्कम कितीही असो. लागतं ते एवढंच:

- मृत्यूचा दाखला, मूळ दाखवायला आणि झेरॉक्स द्यायला
- क्लेम फॉर्म किंवा नाव कमी करायचा अर्ज, मागं राहिलेल्याच्या सहीनं
- त्यांचं ओळखपत्र आणि पत्ता, म्हणजे आधार वगैरे, सोबत पॅन
- पासबुक, चेकबुक, एफडीची पावती, आणि वारलेल्या माणसाचं एटीएम कार्ड परत करायला

फोटो बँक मागते, दोन बरोबर ठेवा.

आता एक गोष्ट लोक गफलतीनं धरतात. बँकेनं काकूला पैसे दिले म्हणजे बँक मोकळी झाली, पण बाकीच्या वारसांचा हक्क संपला असं नाही. काकू ते पैसे वारसांच्या वतीनंही घेते, पोरं हिस्सा मागू शकतात, तो वाद बँकेच्या काउंटरवर येत नाही एवढंच. कोर्टानं मनाई हुकूम दिला असेल तरच बँक पैसे थांबवते. आणि नॉमिनी? जॉइंट खात्यात नॉमिनीचा नंबर सगळे खातेदार गेल्यावर लागतो. काकाच्या खात्याला आमचा चुलतभाऊ नॉमिनी होता म्हणून तो म्हणायला "मग मलाच मिळतील ना", नाही मिळत, काकू आहे तोवर त्याचा काही संबंध नाही.

दाखला काढतानाच नाव तपासा

आमचं खरं अडलं ते इथं. दाखल्यावर नाव पांडूरंग आणि पासबुकावर पांडुरंग, शिवाय बापाचं नाव एकात होतं एकात नव्हतं. काउंटरवरच्या माणसाला दोन वेगळे माणसं दिसले. मग दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं आणि आठवडा गेला. म्हणून मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाताना आधार आणि पासबुक दोन्ही बरोबर न्या आणि नाव लिहिताना बाजूला उभं राहा. नोंद 21 दिवसांच्या आत झाली तर फी नाही, उशीर केला की लेट फी आणि वर्षाच्या वर गेलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, तिथं मात्र जीव जातो. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या, विमा, गॅस, तलाठी सगळीकडं लागतात.

तलाठ्याकडनं आठवलं. कितीतरी लोक सातबाऱ्याचा वारस फेरफार घेऊन बँकेत येतेत. तो जमिनीसाठी असतो, बँकेच्या खात्याला त्याचा उपयोग धरू नका.

आणि दुसरं, काकाचं एटीएम घेऊन पैसे काढू नका. पिन माहीत असतो, गरज असते, सगळं खरं आहे, पण माणूस गेल्यावर त्याच्या कार्डावर केलेला व्यवहार स्टेटमेंटमध्ये तारखेसकट राहतो आणि उद्या कुणी वारसानं विचारलं की उत्तर द्यायची वेळ येते. काकूचं स्वतःचं कार्ड किंवा सही आहे की.

काउंटरवर काय बोलायचं

दुसऱ्या वेळी मी काकूला घेऊन गेलो आणि पासबुकाचं पान उघडून सरळ विचारलं, "इथं सर्व्हायव्हर लिहिलंय, मग वारसांचं नाहरकत कामून लागतंय, मला लेखी द्या." लेखी म्हणल्यावर तो उठला, मॅनेजरकडं गेला, मॅनेजरनं फॉर्म दिला. त्यात भांडायचं काही नव्हतं, त्याला फक्त दुसऱ्या केसचा नियम डोक्यात होता. अर्जाच्या एका प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतला, तो घ्याच, कारण सगळे कागद मिळाल्यावर 15 दिवसांत क्लेम निकाली काढायचा असतो आणि हे दिवस कुठून मोजायचे ते शिक्क्यावरून ठरतं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2025 मध्ये नवे निर्देश काढले, त्यात उशीर बँकेच्या चुकीनं झाला तर बँक रेट अधिक 4 टक्के दरानं व्याज भरपाई आहे. तरी दाद नाही लागली तर आधी बँकेकडं लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, त्याला फी नाही.

अर्ज देताना मोबाईल नंबर बदलायचं विसरू नका. खात्याला काकाचा नंबर होता, ओटीपी त्याच्यावर जायचा, सिम बंद झालं असतं तर काकू काहीच करू शकली नसती. त्याच अर्जात तिचा नंबर लिहून दिला. एफडीला पण वेगळा अर्ज द्या, बचतीचं नाव कमी झालं म्हणून पावतीवरचं आपोआप होत नाही. मुदतीआधी मोडायची असेल तर आधी विचारा, उघडतानाच दोघांनी तशी संमती दिली नसेल तर वारसांची सही मागतेत. आमची एफडी मुदतीपर्यंत चालू ठेवली, फक्त नाव बदललं.

सर्व्हायव्हर नसेल तर

म्हणजे खातं नुसतं जॉइंटली असेल, तर वाट लांब आहे. मागं राहिलेला आणि वारलेल्याचे सगळे वारस मिळून क्लेम करतात. साध्या बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत कोर्टाची पायरी चढावी लागत नाही: क्लेम फॉर्म, दाखला, सगळ्यांची ओळखपत्रं, दावा करणाऱ्यांचं हमीपत्र, दावा सोडणाऱ्या वारसांचं सोडपत्र, आणि वारस कोण ते दाखवणारं प्रमाणपत्र किंवा घराला ओळखणाऱ्या बाहेरच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र. या मर्यादेच्या वर बँक सक्सेशन सर्टिफिकेटसारखे कागद मागू शकते. एक पोरगी सासरी रुसून बसली की सगळं सोडपत्रावर अडतं, म्हणून घरात जिवंत माणसं असतानाच मोड बदलून घेणं सोपं, तेव्हा सगळ्या खातेदारांच्या सह्या पुरतात.

आता मुलाचं नाव जोडायचं

नाव कमी झाल्यावर काकू एकटीच खातेदार राहिली, तिला गुडघ्यामुळं बँकेत जाणं होत नाही, मुलगा पुण्यात. नाव जोडायला लागतं ते असं: काकूच्या सहीचा अर्ज, मुलाचं आधार आणि पॅन (पॅन नसेल तर फॉर्म 60), त्याचे फोटो, नमुना सह्या, आणि त्या बँकेत त्याचं आधी खातं नसेल तर त्याचा नवा ग्राहक क्रमांक. दोघंही एकदा एकाच दिवशी ब्रांचमध्ये हजर राहा, एक आला आणि एक फोनवर असं जमत नाही. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: पहिलं नाव कोणाचं, मोड काय, मोबाईल कोणाचा, नॉमिनी कोण.

मोडचं मी काकूला फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर सांगितलं. आयदर केलं तर पोरगा पुण्यात बसून सगळं काढू शकतो, आणि काकूचा पोरगा चांगला आहे, पण सून कशी हे मी बोलणार नाही. फॉर्मर केलं तर काकू आहे तोपर्यंत सही तिचीच, नंतर बिनत्रास मुलाकडं. पण खरंच रोजचे व्यवहार मुलानं बघायचे असतील तर आयदर शिवाय इलाज नाही, मग जाणूनबुजून घ्या.

पहिलं नाव काकूचंच ठेवलं, कारण एफडीचा ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर पहिल्या खातेदाराच्या वयावर मिळतो आणि व्याजाचा टीडीएस पण त्याच्याच पॅनवर जातो. मुलाला पहिलं केलं असतं तर दोन्हीही गेलं असतं. नॉमिनी नव्यानं भरला, त्यावर आता दोघांच्या सह्या. नॉमिनेशनची पोच पावती मागून घ्या, पासबुकावर "नॉमिनेशन नोंदले" एवढं तरी छापून घ्या.

आठ दिवसांनी नवीन पासबुक मिळालं. काकूनं चष्मा लावून पहिलं पान बघितलं आणि म्हणली, "तुझ्या काकाचं नाव गेलं बघ." मी मोड बघितला, फॉर्मर ऑर सर्व्हायव्हरच होतं, मोबाईल नंबर तिचा होता, नॉमिनीपुढं मात्र छापायचं राहिलं होतं, तेवढ्यासाठी परत काउंटरवर गेलो.